वजा दोनपासून वजा रूट दोनपर्यंत

फरीदाबादच्या एका सेक्टरात, कूलर आणि इन्व्हर्टरच्या शोरूमच्या वर, दुसऱ्या मजल्यावर मी कॅल्क्युलस शिकवायचे. वय तेवीस, एमएस्सी नुकतीच झालेली, आवाज बारीक. बँकेच्या दोन परीक्षांनी मला नाकारलं होतं आणि बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी आणलेली स्थळं मी नाकारत होते. मधल्या मोकळ्या वेळात ही नोकरी लागली. रोज दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून निघायचं, आश्रम चौकात बस बदलायची, बदरपूरची धूळ खायची आणि दुपारी दोनला साठ मुलांसमोर उभं राहून, आपल्याला सगळं येतं असा चेहरा करायचा. या चेहऱ्याचाच मला पगार मिळत होता, असं आता वाटतं.

नव्वदीचा मधला काळ होता. घराघरांत केबल आली होती, मथुरा रोडवर नव्या गाड्या दिसायला लागल्या होत्या, आणि फरीदाबादमध्ये ज्याच्याकडे रिकामा मजला होता तो कोचिंग क्लास काढत होता. आमच्या क्लासचे मालक त्याआधी घरोघरी फिरून पाण्याचे फिल्टर विकायचे. स्वतःला ते ‘डायरेक्टर सर’ म्हणवून घ्यायचे. गणिताबद्दल त्यांचं एकच मत होतं: ‘‘मॅडम जी, सब फॉर्म्युले का खेल है.’’ फिल्टरबद्दलही त्यांचं बहुधा असंच काहीतरी मत असणार.

त्यांच्या डोक्यातून कार्डाची कल्पना निघाली. खिशात मावेल एवढं, दोन्ही बाजूंनी छापलेलं, वर प्लॅस्टिक चढवलेलं कार्ड. त्यावर इंटिग्रेशनचे सगळे फॉर्म्युले. प्रत्येक विद्यार्थ्याला एक फुकट. ते लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते तीन दुपारींत उरकलं, माझ्या स्वतःच्या बारावीच्या वहीतून. सत्ताविसाव्या ओळीत होतं: एक भागिले x गुणिले वर्गमूळ x वर्ग वजा एक, याचं इंटिग्रल बरोबर sec⁻¹ x, अधिक C. एवढंच. हा फॉर्म्युला कुठल्या x साठी आहे, यावर एक अक्षर नाही. पुढे कोणी विचारलं की मी सांगायचे, कार्डावर जागा नव्हती. खोटं. जागा भरपूर होती. कोपऱ्यात डायरेक्टर सरांनी पंख पसरलेला गरुड छापला होता.

ज्यांनी गणित सुखाने सोडून दिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. एक भागिले कोसाइन केलं की सेकंट मिळतो. सेकंट इतका आहे, तर कोन कोणता, असं उलटं विचारलं की ती सेक इन्व्हर्स. सेकंट कधीच उणे एक आणि एकच्या मधला नसतो. एकतर तो एक किंवा त्याहून मोठा असतो, नाहीतर उणे एक किंवा त्याच्याही खाली. मधला पट्टा त्याला बंद. आमच्या त्या फंक्शनलाही बंदच, कारण मधल्या आकड्यांना वर्गमूळाच्या आत उणे संख्या येते, आणि शून्याला तर खालचा x च गायब होतो. थोडक्यात, दोन वेगवेगळ्या वस्त्या आणि मधे काही नाही. मी मात्र आयुष्यभर उजवीकडच्या वस्तीतच राहिले होते. बारावीत काय आणि एमएस्सीत काय, डावीकडे जायची वेळच आली नव्हती.

मग जानेवारीत ‘ग्रँड टेस्ट’ ठरली. त्यात पहिला येईल त्याचा चेहरा चौकातल्या होर्डिंगवर रंगवायचा, अशी घोषणा झाली. त्या काळी होर्डिंग हाताने रंगवायचे. पेंटर फोटो बघून चौकोन आखायचा आणि चौकोना-चौकोनाने माणूस मोठा करत न्यायचा. पेपर मी काढला. चाळिसावा प्रश्न अवघड दिसायला हवा होता, म्हणून त्या सत्ताविसाव्या ओळीतल्या फंक्शनला मी उणे लिमिट्स घातल्या: वजा दोनपासून वजा रूट दोनपर्यंत. उणे आकडे पाहिले की मुलं दचकतात, एवढाच माझा हेतू होता. प्रश्नाला वजन येतं. माझ्यालेखी ते कार्यक्रमाला खादीचा कुर्ता घालण्यासारखं होतं.

उत्तर मी कार्डावरून काढलं. वजा रूट दोनची सेक इन्व्हर्स एकशे पस्तीस अंश, म्हणजे तीन पाय बाय चार. वजा दोनची एकशे वीस अंश, म्हणजे दोन पाय बाय तीन. वजाबाकी केली, पाय बाय बारा. आन्सर की मध्ये ‘अ’ लिहिलं. ‘ब’ म्हणून मी वजा पाय बाय बारा ठेवलं होतं, चिन्हात घोळ करणाऱ्या बावळटांना पकडायला.

निकाल लागला. पहिला एक मुलगा आला. शोरूमसकट ती सगळी इमारत त्याच्या वडिलांची होती. हा निव्वळ योगायोग होता हे मी शपथेवर सांगते, कारण पेपर मी तपासले होते. मुलगा खरंच चलाख होता. कुठलाही प्रश्न दिसला की तो सोडवायचा नाही, त्याला शॉर्टकट शोधायचा, आणि बहुतेक वेळा त्याला तो सापडायचाही. दुसरी आली एक मुलगी, पाच मार्कांनी मागे. ती तिसऱ्या बाकावर बसायची, घट्ट दोन वेण्या घालायची आणि सहसा बोलायची नाही. डायरेक्टर सरांनी मुलाचा फोटो त्याच संध्याकाळी पेंटरकडे धाडला.

दुसऱ्या दिवशी डाउटच्या तासाला ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. हातात पेपर. हिंदीत म्हणाली, ‘‘मॅम, चाळीसमध्ये माझं ‘ब’ आहे. ते बरोबर आहे.’’

मी कार्ड पुढे केलं. ‘‘सत्तावीस नंबर बघ. त्यात लिमिट्स घाल.’’

‘‘घातल्या होत्या. मग खोडलं.’’

‘‘का?’’

‘‘मॅम, रूट पॉझिटिव्ह असतं. खाली गुणायला x आहे, तो इथे निगेटिव्ह. म्हणजे पूर्ण फंक्शन निगेटिव्ह, वजा दोनपासून वजा रूट दोनपर्यंत सगळीकडे. आणि आपण डावीकडून उजवीकडे चाललोय. सगळा एरिया अक्षाच्या खाली आहे. तो मिळवून प्लस कसा येईल?’’

फंक्शनचं चिन्ह असं बघायला पाच सेकंद लागतात. मला ते तीन महिन्यांत सुचलं नव्हतं. आणि त्याच क्षणी माझ्या तोंडातून आपोआप, अतिशय शांत, अनुभवी शिक्षिकेच्या आवाजात वाक्य बाहेर पडलं: ‘‘दोन्ही लिमिट्स निगेटिव्ह असल्या की चिन्हं आपापसांत कटतात. हायर क्लासेसमध्ये शिकाल.’’

असा कुठलाही नियम नाही. तेव्हा नव्हता, आत्ताही नाही. ती पेपरची घडी घालून गेली. ती माझ्यावर विश्वास ठेवून गेली असती तरी बरं झालं असतं. ती विश्वास न ठेवता, नम्रपणे गेली.

स्टाफरूम म्हणजे फायलींच्या कपाटामागची जागा. तिथे बसून मी तोच प्रश्न दुसऱ्या वाटेने केला. पूर्ण वर्गमूळालाच u मानलं. मग x सुंदर नाहीसा होतो, उरतं एक भागिले u वर्ग अधिक एक, आणि त्याचं टॅन इन्व्हर्स. वजा दोनला u येतो रूट तीन, वजा रूट दोनला येतो एक. पंचेचाळीस अंश वजा साठ अंश. वजा पंधरा. वजा पाय बाय बारा.

मी पुन्हा केलं. पुन्हा वजा पाय बाय बारा. पेन बदलून केलं.

मग कुठे चुकलं ते शोधलं. x ला सेकंट थीटा मानलं की वर्गमूळातून टॅन थीटा बाहेर येतो, असं आम्ही सगळे घडाघडा म्हणतो. पण वर्गमूळातून टॅन बाहेर येत नाही, टॅनची धन किंमत बाहेर येते. उजव्या वस्तीत दोन्ही एकच. डाव्या वस्तीत कोन नव्वद आणि एकशे ऐंशीच्या मधला, तिथे टॅन स्वतःच उणे, म्हणून बाहेर येतो उणे टॅन. ते एक उणे चिन्ह मी बारावीच्या वहीपासून गिळत आले होते. बरोबर उत्तर sec⁻¹ x नाही, x च्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या दांड्या हव्यात: आधी x धन करून घ्या, मग सेक इन्व्हर्स काढा. दोन दांड्या. गरुडाच्या एका पंखात अशा चाळीस मावल्या असत्या.

शेजारी फिजिक्सचे सर समोसा खात होते. कानपूरचे, वयाने मोठे, तीन क्लास बदलून आलेले. मी त्यांना सांगितलं. त्यांनी कागद बघितला, मान डोलावली आणि म्हणाले, ‘‘सही कह रही है लड़की. अब आप भूल जाइए.’’

‘‘मी विसरून जाऊ?’’

‘‘और क्या. हम तो पिछले साल पूरा एक चॅप्टर भूल गए थे.’’

मी फोनकडे गेले. तो डायरेक्टर सरांच्या केबिनबाहेर, दाराजवळच्या स्टुलावर असायचा. घरी आई होती. लाइन नेहमीसारखी खरखरत होती, म्हणून ओरडावं लागलं. पण मला चिंता नव्हती. मराठी ही माझी दिल्लीतली खाजगी सांकेतिक भाषा होती. बसमध्ये, दुकानात, लग्नाच्या बघण्याच्या कार्यक्रमातसुद्धा मी आणि आई समोरच्याच्या तोंडावर वाट्टेल ते बोलायचो.

‘‘आई, मी घोळ केलाय!’’

‘‘काय? पर्स हरवली?’’

‘‘नाही गं! पेपरचं उत्तर चुकलंय! माझंच चुकलंय, आणि एका मुलीचं बरोबर असून मी चूक दिलंय! ती पहिली यायला पाहिजे होती!’’

‘‘मग सांगून टाक की.’’

‘‘तिकडे होर्डिंग रंगायला गेलंय! मालकांना काय सांगू? गप्प बसते झालं! कोणाला कळतंय इथे?’’

‘‘मला कळतंय, ताई,’’ मागून आवाज आला.

मी वळले. ती उभी होती, दोन वेण्या, छातीशी वही. मघाशी पेन टेबलावर विसरली होती, ते न्यायला आली होती. तिचं मराठी स्वच्छ होतं. नंतर कळलं, वडील अमरावतीचे, इथल्या कारखान्यात फोरमन. घरात मराठी, बाहेर हिंदी, अगदी माझ्यासारखंच. तिचं आडनाव मी हजेरीत तीन महिने वाचत होते, पण ते उत्तरेतही असतं, म्हणून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. प्रकाश न पडण्यात त्या वर्षी मी सातत्य राखलं होतं.

‘‘तू... कधीपासून उभी आहेस?’’

‘‘पर्स हरवली तेव्हापासून.’’

रिसीव्हरमधून आई ओरडत होती, ‘‘कोण आहे गं तिकडे? मराठी मुलगी आहे का? कुठल्या आहेत म्हणावं? रविवारी जेवायला बोलाव तिला!’’

मुलीला ते सगळं ऐकू येत होतं. तिने ओठ दाबले होते. हसू होतं की राग, मला ठरवता येईना. मी फोन ठेवला.

‘‘मग गप्प बसणार तुम्ही?’’ तिने विचारलं. खरंच माहिती हवी असल्यासारखं. टोमणा नव्हता. तेच फार लागलं.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘आता कशी बसणार?’’

‘‘म्हणजे मी ऐकलं नसतं, तर बसला असतात.’’

‘‘हो.’’

तिने मान हलवली, जणू एक पायरी पडताळून झाली. ‘‘आणि ते लिमिट्सची चिन्हं कटतात, ते?’’

‘‘तिथल्या तिथे बनवलं.’’

आता ती हसली. खूप हसली. केबिनचं दार उघडून डायरेक्टर सर बाहेर आले, काय झालं म्हणून.

मी त्यांना तिथेच, स्टुलाशेजारी उभं राहून सांगितलं. आन्सर की चुकलीय, मी चुकवलीय, पहिली ही आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘एक मायनस के लिए?’’

‘‘हो सर.’’

‘‘मॅडम जी, दोन्ही उत्तरांना बरोबर देऊन टाका. त्या मुलाचेही मार्क राहतील, हिलाही मिळतील. दोघंही फर्स्ट. होर्डिंगवर दोन चेहरे. डबल टॉपर! सुनने में भी अच्छा है.’’

हिशोब त्यांनी क्षणात केला होता. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक; म्हणजे तिला पाच वाढतात आणि दोघं समसमान होतात. माणूस अगदीच अडाणी नव्हता. मी जवळजवळ होच म्हणणार होते, कारण हा उपाय मला माझ्यासाठी फार सोयीचा वाटला. मुलगीच म्हणाली, ‘‘सर, एकच गोष्ट प्लस पण आणि मायनस पण कशी होईल? शून्य असेल तरच होईल. आणि पाय बाय बारा शून्य नाही.’’

डायरेक्टर सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी दोन्ही हात वर केले. ‘‘जो करना है क्लास में करो. मी बिल्डिंगवाल्यांना काय सांगू, ते पण सांगा.’’

ते मला माहीत नव्हतं. दुपारी साडेचारला मी साठ मुलांसमोर उभी राहिले आणि म्हणाले की चाळिसाव्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं काढलं होतं. शिक्षक चुकला हे मुलांना रोज माहीत असतं, पण तो स्वतः सांगतोय म्हटल्यावर ती मनापासून लक्ष देतात.

मी फळ्यावर आलेख काढला. एकच्या उजवीकडे, अक्षाच्या वर, एक रेघ: एकजवळ उंच, मग उतरत उतरत अक्षाला टेकायला निघालेली. उणे एकच्या डावीकडे तशीच, पण अक्षाच्या खाली. मधल्या पट्ट्यावर मी तिरक्या रेघा मारल्या आणि लिहिलं, प्रवेश बंद. मग सेकंट थीटा मांडलं, वर्गमूळातला टॅन दाखवला, त्याच्याभोवती दोन दांड्या उभ्या केल्या आणि डाव्या बाजूला उणे चिन्ह कुठून येतं ते सांगितलं. उत्तर आलं वजा पाय बाय बारा.

पहिल्या बाकावरचा, होर्डिंगवर निघालेला मुलगा हात वर करून उभा राहिला. मी मनात म्हटलं, झालं, आता बिल्डिंगवाले.

तो म्हणाला, ‘‘मॅम, हे ऑड फंक्शन आहे. डावीकडे जेवढं खाली, उजवीकडे तेवढंच वर. मग वजा दोन ते दोन दिलं असतं, तर काही न करता उत्तर शून्य. शॉर्टकट!’’

अर्धा वर्ग वा वा म्हणाला. मलाही क्षणभर मोह पडला. तिसऱ्या बाकावरून आवाज आला, ‘‘मधून जाणार कसा? मधे फंक्शनच नाही. रस्ताच नाही तर पोहोचणार कुठून?’’

मुलाने फळ्याकडे बघितलं. तिरक्या रेघांकडे बराच वेळ. मग खो खो हसला आणि म्हणाला, ‘‘हां यार, पेपरात हे आलं असतं तर मी शून्य लिहून गावभर मिठाई वाटली असती.’’ आणि खाली बसता बसता, ‘‘पण मॅम, मग कार्डही चूक आहे.’’

साठ कार्डं खिशातून बाहेर आली. प्लॅस्टिकवर पेन चालत नाही. कोणीतरी कंपास पेटीतलं कर्कटक काढलं आणि टोकाने सत्ताविसाव्या ओळीत x च्या दोन्ही बाजूंना दांड्या कोरल्या. मग सगळ्यांनीच. साठ कर्कटकं एकदम प्लॅस्टिकवर घासत होती, दात आंबावेत असा आवाज. दारात डायरेक्टर सर उभे होते. त्यांच्या गरुडालाही एकदोघांनी मिशा कोरल्या, पण त्यांना ते दिसलं नाही.

होर्डिंगचं मात्र व्हायचं ते झालंच. पेंटरचं काम तोवर गळ्यापर्यंत पूर्ण झालं होतं. पुन्हा सगळं पांढरं करून नव्याने रंगवायला डायरेक्टर सर तयार नव्हते. त्यांनी पेंटरला मुलीचा फोटो दिला आणि म्हणाले, ॲडजस्ट कर दो. पेंटरने केलं. मुलाच्या चेहऱ्याला दोन वेण्या लावल्या, कपाळावर टिकली, ओठ जरा गुलाबी. मिसरूड पुसली, पण तिथली त्वचा बाकीच्या चेहऱ्याहून वेगळ्या रंगाची राहिली. खाली मुलीचं नाव. चौकातून जाणारे ट्रकवाले वेग कमी करून बघायचे.

मुलीची आई मुद्दाम रिक्षाने बघायला आली. मी सोबत होते. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्यांनी डोळ्यांवर हात धरला. ‘‘ही कोण?’’

‘‘मीच, आई,’’ मुलगी म्हणाली.

‘‘तुझा जबडा असा कधीपासून झाला?’’

बिल्डिंगवाल्यांना मात्र हसू आलं नाही. आपल्या मुलाला भर चौकात वेण्या घातल्या म्हणून त्यांनी डायरेक्टर सरांना बोलावून घेतलं. आत काय झालं माहीत नाही, पण एप्रिलमध्ये आमचा क्लास दोन सेक्टर पलीकडे, एका ड्रायक्लीनरच्या वर गेला. मुलगा स्वतः तिकडेही येत राहिला. होर्डिंगखाली उभं राहून त्याने मित्रांबरोबर फोटो काढून घेतला होता, आणि तो फोटो त्याच्या पाकिटात असायचा. मला नोकरीवरून काढलं नाही. काढलं असतं तर बाबांनी पुढच्याच रविवारी एक स्थळ उभं केलं असतं, म्हणून मीही फार बाणेदारपणा केला नाही.

कार्डाची दुसरी आवृत्ती निघाली. मी दांड्या घालून दिल्या, खाली ‘x एकपेक्षा मोठा किंवा उणे एकपेक्षा लहान’ अशी अटही लिहिली. छापखान्याने दांड्यांच्या जागी आकडे लावले. त्यामुळे नवीन ओळ दिसायची sec⁻¹ 1x1. तीनशे प्रती. एकाही पालकाने तक्रार केली नाही.

मुलगी इंजिनियरिंगला गेली, दूर दक्षिणेत. एका हिवाळ्यात तिचं अंतर्देशीय पत्र आलं, बारीक अक्षरांनी गच्च भरलेलं. तिच्या कॉलेजच्या लायब्ररीत एक परदेशी पुस्तक होतं. त्यात सेक इन्व्हर्सची व्याख्याच वेगळी. x उणे असला की आपण कोन नव्वद आणि एकशे ऐंशीच्या मधला घेतो. तिथे तो एकशे ऐंशी आणि दोनशे सत्तरच्या मधला घेतात. त्या टापूत टॅन धनच असतो. उणे चिन्ह गिळायचा प्रश्नच येत नाही, दांड्या लागत नाहीत. तिने चाळिसावा प्रश्न तसा सोडवला होता: वजा रूट दोनला दोनशे पंचवीस अंश, वजा दोनला दोनशे चाळीस, वजाबाकी वजा पंधरा. ‘म्हणजे ताई,’ तिने लिहिलं होतं, ‘तुमची सत्ताविसावी ओळ चूक नव्हती. फक्त त्या ओळीसोबत राहायला जी सेक इन्व्हर्स लागते, ती तुम्ही वापरली नाहीत. फॉर्म्युला एका घरचा आणि कोन दुसऱ्या घरचे.’

मी पत्र दोनदा वाचलं आणि आधी मला भयंकर आनंद झाला. बघा, मी बरोबर होते! मग तिसऱ्यांदा वाचलं. मी बरोबर नव्हते. वेगळ्या कारणाने चूक होते, आणि ते कारण मला तेव्हा समजावून सांगता आलं नव्हतं. डायरेक्टर सरांना फोन करून सांगावं असं वाटलं, पण ते तोवर गुडगावात फ्लॅट विकत होते.

होळीच्या सुट्टीत ती आली. आईने तिला जेवायला घातलं, पुरणपोळी वाढता वाढता तिच्या वडिलांच्या गावातले तीन लोक शोधून काढले, आणि तिला ‘कातरवेळ’ म्हणजे काय ते येत नाही म्हणून चुकचुकली. मलाही नक्की येत नव्हतं, मी पाणी आणायला उठले. दुपारी आम्ही दोघी बाजारात गेलो. तिला हॉस्टेलसाठी कुर्ते हवे होते. कपड्यांच्या ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून ती म्हणाली की तिला दोन्हीपैकी आपलीच व्याख्या आवडते. मग वेगळे टापू लक्षात ठेवत बसावं लागत नाही. x ची सेक इन्व्हर्स म्हणजे सरळ एक भागिले x ची कोस इन्व्हर्स. मी म्हणाले, मला आता दुसरी आवडायला लागलीय, दांड्या नकोत.

‘‘तुम्हाला आवडणारच. त्यात तुम्ही सुटता.’’

‘‘तसं नाही काही. इंटिग्रेशनला ती सोयीची आहे.’’

‘‘आणि बाकी सगळ्याला गैरसोयीची! ताई, कोन शून्य ते एकशे ऐंशी सोडून दोनशे चाळीसला कशाला पाठवायचा?’’

आमचा आवाज चढला. ती एक हिरवा कुर्ता हवेत हलवत बोलत होती आणि मी त्याची बाही धरून. दुकानदाराने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि घाईघाईने म्हणाला, ‘‘अरे बहनजी, लड़ो मत, ऐसा एक और है मेरे पास.’’